दिल्ली पासिंगची डिझेल गाडी पुण्यात घेताना वयाचा नियम कसा तपासायचा

प्रश्न: «मी चिंचवडला राहतो. ओळखीच्या डीलरने दिल्ली पासिंगची जून २०१६ ची डिझेल एसयूव्ही दाखवली आहे. गाडी अजून दिल्लीतच आहे. इथल्या तशाच गाडीपेक्षा पावणेदोन लाखांनी स्वस्त पडते. डीलर म्हणतो, दहा वर्षांचा नियम फक्त दिल्लीचा, आरसीवर २०३१ पर्यंत व्हॅलिडिटी आहे, काही काळजी नको. उद्या मुंबई-पुण्यातही असा नियम आला तर? घ्यावी का?»

डीलर खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. गाडी घेता येईल. मात्र दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला ना हरकत, दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे जून २०२६ च्या आधी, तुमच्या चिंचवडच्या आरटीओच्या नावाने निघाली पाहिजे, आणि ती निघेपर्यंत पूर्ण पैसे हातचे सोडायचे नाहीत. हे जमत नसेल तर पावणेदोन लाखांचा फायदा विसरा. तसं का म्हणतो ते नीट सांगतो. मी गेली एकोणीस वर्षं पुण्यात आरटीओची कामं करतो, आणि त्यातली बरीचशी परराज्यातून आलेल्या गाड्यांची आहेत.

लोक विचारतात, «अमुक शहरात गाडीला वयाची मर्यादा आहे का?» असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि दोन्ही उत्तरं फसवी ठरू शकतात. कारण नियम गाडीच्या चार वेगवेगळ्या गोष्टींवर बोट ठेवू शकतो. एक, त्या शहरात ती रस्त्यावर आणता येईल का. दोन, तिची नोंदणी तिथे चालू राहील का, पुढे वाढवून मिळेल का. तीन, तिथल्या पंपावर तिला इंधन मिळेल का. आणि चार, तिला तिथून बाहेर नेऊन दुसऱ्या राज्यात नोंदवता येईल का. यातली एक वाट बंद झाली म्हणून बाकीच्या बंद होतात असं नाही, आणि एक उघडली म्हणून बाकीच्या उघडत नाहीत. तुमचा सगळा व्यवहार चौथ्या वाटेवर उभा आहे, आणि पेपरात बातम्या बहुतेक वेळा पहिल्या आणि तिसऱ्या वाटेच्या येतात.

दिल्लीचं उदाहरण घ्या. हा नियम कुठल्या मोटार वाहन कायद्याच्या कलमात सरळ लिहिलेला सापडत नाही, म्हणून त्याचा घोळ होतो. राष्ट्रीय हरित लवादाने २६ नोव्हेंबर २०१४ ला पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या दिल्लीत चालवायला मनाई केली. मग ७ एप्रिल २०१५ च्या आदेशाने दिल्ली आणि आसपासच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात डिझेलसाठी ती मुदत दहा वर्षांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ ला हेच उचलून धरलं: डिझेल दहा वर्षं, पेट्रोल पंधरा वर्षं. पुढे दिल्लीच्या परिवहन विभागाने दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांची नोंदणीच रद्द करायला सुरुवात केली.

आणि २०२५ मध्ये काय झालं बघा. १ जुलैपासून अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधन द्यायचं नाही असं ठरलं, पंपांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसले. आठवड्याभरात ते पुढे ढकललं गेलं. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ वय झालं म्हणून मालकांवर सक्तीची कारवाई तूर्त करू नका. त्या दिवशी मला दुपारपर्यंत सात-आठ फोन आले, «दिल्लीचा नियम उठला, आता भाव वाढणार, पटकन घेऊ का?» नियम उठला नव्हता. कारवाई थांबली होती. मग १७ डिसेंबर २०२५ ला न्यायालयाने तो दिलासा बीएस-४ आणि त्यापुढच्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांपुरताच ठेवला. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांवर पुन्हा कारवाईचा मार्ग मोकळा झाला.

तुमची गाडी २०१६ ला दिल्लीत नोंदलेली आहे, म्हणजे बीएस-४. आजच्या घडीला केवळ वयावरून तिच्यावर कारवाईचं संकट नाही. पण हा अंतरिम आदेश आहे. पुढची सुनावणी कुठे वळेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि कारवाई होत नाही याचा अर्थ दिल्लीत नोंदणीला आणखी पाच वर्षं मिळाली असाही होत नाही. शिवाय हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली आणि निर्बंधांचा तिसरा टप्पा लागू झाला की बीएस-४ डिझेल मोटारी दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरमध्ये चालवता येत नाहीत, मग त्यांचं वय काहीही असो. म्हणून त्या भागातले मालक गाडी काढायला बघतात आणि भाव पडतो. हे कारण एकदा कळलं की स्वस्त म्हणजे अपघाताची किंवा पुराची गाडी अशी भीती थोडी कमी होते. गाडी तपासायची ती तपासायचीच, पण दिल्लीची डिझेल स्वस्त असण्यात तेवढ्यानं संशय घेण्यासारखं काही नाही.

आता ती २०३१ ची तारीख. आरसीवर ती खरोखर छापलेली असते आणि खरीही असते. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षं चालते, हा देशभराचा कायदा आहे. सिस्टीम गाडी डिझेल की पेट्रोल, दिल्लीची की सोलापूरची हे न बघता ती तारीख छापते. लवादाचा आदेश कार्डावर छापायला जागा नाही. मी स्वतः या तारखेला फसलो आहे. धंद्याला लागून बरीच वर्षं झाल्यावर एका ओळखीच्या माणसासाठी मी गुरुग्रामची एक डिझेल सेडान बघितली. कार्डावर आणखी पाच वर्षं शिल्लक दिसत होती, मी होकार दिला. विकणारा म्हणाला, एनओसी पाठवतो, आणि मग एकेक महिना पुढे ढकलत गेला. गाडी पुण्यात, नंबर हरियाणाचा, आणि तोपर्यंत दहा वर्षं उलटली. शेवटी काम झालं, पण मूळ मालकाला दोनदा तिकडच्या ऑफिसात जावं लागलं, प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं, आणि आम्हाला नऊ महिने गाडी जवळपास उभी ठेवावी लागली. मूळ मालक भला माणूस होता म्हणून निभावलं. त्याने फोन उचलणं बंद केलं असतं तर माझ्या ओळखीच्या माणसाच्या हातात फक्त भंगाराची पावती उरली असती. तेव्हापासून कार्डावरची व्हॅलिडिटी मी शेवटी बघतो. आधी बघतो पहिल्या नोंदणीची तारीख.

तारखेबद्दल आणखी एक. डीलर «२०१६ चं मॉडेल» म्हणतो तेव्हा तो कधी उत्पादनाचं वर्ष सांगत असतो, कधी नोंदणीचं. वय मोजायचं ते पहिल्या नोंदणीच्या दिवसापासून. डिसेंबर २०१५ ला कारखान्यातून निघालेली गाडी जून २०१६ ला नोंदली असेल तर घड्याळ जूनपासून सुरू होतं. आरसीवर दोन्ही असतात, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची पूर्ण तारीख. मात्र मालक बदलला, पत्ता बदलला की काही कार्डांवर नव्या व्यवहाराची तारीखही ठळक दिसते. ती धरू नका. parivahan.gov.in वर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, कुठल्या आरटीओची गाडी, इंधन, प्रदूषणाचं मानक, आरसीची सध्याची स्थिती, कर्ज कुठल्या बँकेचं, एवढं पाच मिनिटांत समोर येतं. आरसीच्या फोटोवरचा आकडा आणि इथला आकडा जुळला नाही तर पुढे बोलायचंच नाही. हे काम स्वतः करा, डीलरने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. स्क्रीनशॉट सहा महिन्यांपूर्वीचा असू शकतो, आणि सहा महिन्यांत आरसीची स्थिती बदललेली मी पाहिली आहे.

प्रदूषणाच्या मानकावर थोडं थांबतो, कारण १७ डिसेंबरच्या आदेशानंतर सगळं वजन त्यावर आलं आहे आणि इथे वर्षावरून अंदाज बांधला तर चूक होते. मोटारींसाठी बीएस-४ सगळीकडे एकदम आलं नाही. एप्रिल २०१० पासून ते दिल्ली क्षेत्र आणि बारा शहरांत लागू झालं. त्यात मुंबई, पुणे आणि आपलं सोलापूरही होतं. उरलेल्या देशात तेव्हा बीएस-३ आलं, आणि बीएस-४ सगळीकडे सक्तीचं झालं ते एप्रिल २०१७ ला. म्हणजे २०१३ ची एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची गाडी पुण्यात नोंदली असेल तर बीएस-४, आणि त्याच महिन्यात नाशिक किंवा नांदेडला नोंदली असेल तर ती बीएस-३ असू शकते. बाहेरून काही फरक दिसत नाही. तुमच्या गाडीला याची झळ नाही, कारण ती मुळात दिल्लीची. पण कोणी उलट दिशेने, म्हणजे महाराष्ट्रातून दिल्लीकडे बदली होऊन गाडी नेणार असेल, तर त्याने कार्डावरचं मानक डोळ्यांनी वाचल्याशिवाय हलू नये. माझ्याकडे आलेल्या एका सैनिकी कुटुंबाची २०१४ ची जळगाव पासिंगची डिझेल नेमकी बीएस-३ निघाली. त्यांनी ती इथेच विकली आणि तिकडे जाऊन दुसरी घेतली, आणि तेच शहाणपणाचं होतं.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हणजे फक्त दिल्ली नव्हे, हेही डीलर लोक सोयीने विसरतात. «साहेब, ही दिल्लीची नाही, हरियाणाची आहे.» हरियाणातलं गुरुग्राम, फरिदाबाद, सोनीपत तर आहेच, पण पानिपत, कर्नाल, जिंद, भिवानीही त्या क्षेत्रात येतात. उत्तर प्रदेशातलं मेरठ, मुझफ्फरनगर, राजस्थानातलं अलवर, भरतपूर हेही. नंबर एचआर किंवा आरजे आहे म्हणून गाडी नियमाबाहेरची ठरत नाही. जिल्हा बघायचा.

आता मुख्य काम, एनओसी. दुसऱ्या राज्यात नोंदणी करायची तर मूळ आरटीओने ना हरकत दिली पाहिजे, मोटार वाहन कायद्याचं कलम ४८, अर्ज फॉर्म २८ वर. अर्ज तुम्ही करत नाही आणि डीलरही करत नाही. कागदावर ज्याचं नाव मालक म्हणून आहे त्याच्या सहीने होतो, आणि ऑनलाइन अर्जाला बहुतेक वेळा त्याच्याच आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. म्हणून पहिला प्रश्न डीलरला हा विचारा: मूळ मालक कुठे आहे, आणि तो फोनवर मिळतो का? दिल्लीच्या गाड्या कित्येकदा दोन-तीन डीलरांच्या हातून फिरतात. कागदावर नाव पहिल्या मालकाचंच असतं आणि मधल्या कोणाला तो कुठे आहे हे ठाऊक नसतं. ओटीपी मिळेना तर एनओसी नाही, एनओसी नाही तर तुमच्या हातात पत्र्याचा डबा.

एनओसी अडते ती तीन-चार ठरलेल्या कारणांनी. न भरलेले चलान, आणि दिल्लीत कॅमेऱ्याच्या चलानांची रांग असते, वीस-पंचवीस चलान असलेली गाडी मी पाहिली आहे. बँकेचा बोजा, कर्ज फिटलं तरी आरसीवरून तो उतरवलेला नसतो, त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. चोरीच्या किंवा गुन्ह्याच्या नोंदीची पडताळणी. आणि संपलेला इन्शुरन्स किंवा पीयूसी. यातलं प्रत्येक काम सुटणारं आहे, पण प्रत्येकाला आठ-पंधरा दिवस जातात, आणि तुमच्याकडे जूनपर्यंतचेच दिवस आहेत. म्हणून मी दहा वर्षांच्या काठावरच्या गाडीला किमान तीन महिने हाताशी असल्याशिवाय हात लावत नाही. दहा वर्षं झालेल्या डिझेललाही दिल्लीबाहेर जाण्यासाठी एनओसी मिळते, ती वाट पूर्ण बंद नाही. पण रद्द झालेली नोंदणी, बदलती परिपत्रकं आणि मालकाचे हेलपाटे या सगळ्यातून जावं लागतं. नऊ वर्षं अकरा महिन्यांच्या गाडीचं काम आणि दहा वर्षं एक महिन्याच्या गाडीचं काम यात भाव कमी-जास्त होण्याइतका फरक आहे. इथे सौदा केलात तर तो फरक किमतीत मागून घ्या.

एनओसी हातात आली की पहिल्यांदा त्यावर कुठल्या आरटीओचं नाव आहे ते वाचा. गेल्या वर्षीचंच प्रकरण सांगतो. गिऱ्हाईक राहणार वाकडचे, त्यांची हद्द पिंपरी-चिंचवड आरटीओ, म्हणजे एमएच १४. दिल्लीच्या एजंटाने अर्जात «पुणे» निवडलं, एनओसी निघाली एमएच १२ च्या नावाने. सिस्टीममध्ये फाइल पुणे ऑफिसला दिसत होती, चिंचवडला दिसत नव्हती. ती रद्द करून दुसरी काढायला सात आठवडे लागले. गाडीची दहा वर्षं तेवढ्यात पूर्ण झाली असती तर सगळंच अवघड झालं असतं, नशिबाने चार महिने शिल्लक होते. तुम्ही चिंचवडचे, तुमचंही एमएच १४. पत्त्याचा पुरावा ज्या हद्दीतला आहे तेच ऑफिस एनओसीवर हवं.

त्यानंतरचं इकडचं काम तुलनेने सरळ आहे. फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलायला, फॉर्म २७ महाराष्ट्राचा नवा नंबर घ्यायला. गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते, चेसिस नंबरची प्रिंट घेतली जाते. पेन्सिलने कागदावर घासून ती प्रिंट काढताना नंबरावर वेल्डिंगची रेघ किंवा पुन्हा कोरल्याची खूण दिसली तर निरीक्षक तिथेच थांबवतो. म्हणून दिल्लीतच ती प्रिंट काढून फोटो मागवा. इन्शुरन्स चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायचा असतो, त्याकडे दुर्लक्ष केलं आणि मध्येच अपघात झाला तर दावा भांडणात अडकतो. आणि एक सवय मोडा: दिल्लीचाच नंबर ठेवून दोन-तीन वर्षं इथे फिरवायची. बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावाच लागतो. तुमच्या बाबतीत तर त्या काळात दिल्लीकडे तिची नोंदणीच रद्द होऊ शकते, आणि ती पुण्यात उभी आहे की दिल्लीत हे सिस्टीम बघत नाही.

पावणेदोन लाखांकडे येतो. त्यातून आधी महाराष्ट्राचा वन टाइम टॅक्स वजा होतो. दिल्लीत भरलेला टॅक्स इथे धरत नाहीत. इथला टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवर, वयाप्रमाणे उतरत्या दराने लागतो, आणि डिझेलचा दर पेट्रोलहून जास्त आहे. यासाठी मूळ इन्व्हॉइसची प्रत लागते, ती मालकाकडून मागून घ्या, नाहीतर किंमत ठरवण्यावरून वेळ जातो. वाकडच्या त्या गिऱ्हाइकाचा फरक दिसायला दीड लाखाचा होता. टॅक्स, गाडी ट्रकवरून आणण्याचा खर्च, नंबरप्लेट, फी, एजंटाचं कमिशन आणि दुसऱ्या एनओसीचा खटाटोप जाऊन हातात राहिले पन्नास हजारांच्या आतबाहेर. त्यांना ते परवडलं, कारण गाडी खरंच जपलेली होती. तुम्हीही इन्व्हॉइसची किंमत घेऊन आरटीओत किंवा परिवहनच्या साइटवर टॅक्सचा आकडा आधी काढा, आणि सगळं जाऊन साठ-सत्तर हजारही उरत नसतील तर इथलीच एमएच १४ ची गाडी घ्या. जास्त पैशांत शांत झोप मिळते, हे मी गिऱ्हाईक घालवूनही सांगतो.

आता महाराष्ट्रात पुढे काय. खासगी मोटारीला मुंबईत किंवा पुण्यात आज दहा वर्षांची किंवा पंधरा वर्षांची बंदी नाही. पंधरा वर्षं झाली की, तुमच्या बाबतीत जून २०३१ ला, नोंदणी संपते आणि पुन्हा पासिंग करावं लागतं. फॉर्म २५, गाडीची तपासणी, आणि पास झाली तर पाच वर्षं. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी पाच हजार आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांपुढच्या मोटारीला दहा हजार. यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा, तो दर पाच वर्षांनी. म्हणजे गाडी चांगली ठेवली तर २०३१ नंतरही ती इथे चालवता येते, खर्च वाढतो एवढंच.

मुंबईचं तुमचं विचारणं योग्य आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतलेल्या याचिकेत मुंबईतून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का याचा अभ्यास करायला सांगितलं, आणि राज्य सरकारने त्यासाठी समितीही नेमली. अभ्यास म्हणजे नियम नव्हे. पण दिल्लीतही सुरुवात कोर्टातूनच झाली होती, कायद्याच्या कलमातून नव्हे, त्यामुळे मी हे हलक्यात घेत नाही. अशी मर्यादा मुंबई महानगर क्षेत्राला आली तर पुण्याला येईलच असं नाही. शहर आणि त्याची हद्द कुठवर, खासगी की व्यावसायिक, इंधन कोणतं, मानक कोणतं, यावर सगळं अवलंबून राहील. एकाच आकड्याचे अर्थ शहरागणिक कसे बदलतात याचं उदाहरण कोलकाता. तिथे उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशाने पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांवर बंदी आली, पण ती व्यावसायिक गाड्यांवर. तो आकडा ऐकून खासगी मोटार विकून टाकणारे लोक मला भेटले आहेत. मुंबईतल्या टॅक्सी-रिक्षांनाही वयाची मर्यादा आहे, पण ती परवान्याची अट आहे, पांढऱ्या प्लेटच्या गाडीशी तिचा संबंध नाही.

म्हणून कुठल्याही शहराचा नियम तपासताना मी बातमी वाचून थांबत नाही. बातमीतून फक्त आदेशाची तारीख आणि कोणी दिला एवढं उचलतो आणि मूळ आदेश शोधतो. सर्वोच्च न्यायालयाचे आणि लवादाचे आदेश त्यांच्या साइटवर असतात, राजधानी क्षेत्राच्या हवा गुणवत्ता आयोगाचे निर्देश आयोगाच्या साइटवर, आणि परिवहन विभागांची परिपत्रकं त्यांच्या त्यांच्या साइटवर. इंग्रजी कायदेशीर भाषेला घाबरू नका. शेवटची दोन पानं वाचा, जिथे «डायरेक्ट» किंवा «ऑर्डर» असं येतं. तिथे चारांपैकी कुठल्या वाटेवर बोट ठेवलंय ते दिसतं. मग त्यानंतरचा एखादा नवा आदेश आलाय का ते बघतो, कारण ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ इतक्या थोड्या अंतरात चित्र बदललेलं आपण पाहिलंच. आणि शेवटी जिथे गाडी नोंदवायची त्या आरटीओत खिडकीवर जाऊन विचारतो, «अमुक जिल्ह्याची, अमुक तारखेची डिझेल, एनओसीवर घेताय का?» कागदावर मार्ग उघडा असूनही एखाद्या ऑफिसात अशा गाड्यांच्या फायली काही आठवडे अडकून पडल्याचे प्रसंग आहेत, आणि ते खिडकीवरच कळतं.

तुमच्यासाठी एक गोष्ट परिस्थितीवर आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही: पुढच्या चार-पाच वर्षांत तुमची बदली गुरुग्राम-नोएडाकडे होण्याची शक्यता आहे का? आयटीवाल्यांच्या बाबतीत ती नेहमी असते. महाराष्ट्राचा नंबर लागला म्हणून तिकडे दहा वर्षांपुढची डिझेल चालवायची मुभा मिळत नाही. राजधानी क्षेत्रात रस्त्यावर आणण्याची बंदी नंबर कुठला हे बघत नाही. आज बीएस-४ ला दिलासा आहे, उद्याचं माहीत नाही. बदलीची शक्यता खरी असेल तर ही गाडी घेऊ नका, पेट्रोल बघा.

नसेल, तर या आठवड्यात डीलरला तीन गोष्टी मागा: मूळ मालकाचा फोन, गाडीच्या नावावरच्या चलानांचा आजचा तपशील, आणि मूळ इन्व्हॉइसची प्रत. बयाणा द्यायचा झाला तर कागदावर लिहून घ्या की पिंपरी-चिंचवड आरटीओच्या नावाची एनओसी मे अखेरपर्यंत न मिळाल्यास बयाणा पूर्ण परत. जो डीलर हे लिहून द्यायला कां-कू करतो त्याच्याकडे मूळ मालक नाही, असं मी धरून चालतो. नंबर टाकून परिवहनवर काय दिसलं ते इथे लिहा, गाडीचा पूर्ण नंबर मात्र टाकू नका. आरसीची स्थिती आणि मानक एवढं कळलं तरी पुढचं सांगता येईल.